साडू, फ्रिज आणि १७ अंश

मे महिन्यात पुण्यात घरी वाइन पाजायची, तर आधी फ्रिजमध्ये जागा मिळवण्यासाठी बायकोशी वाद घालावा लागतो आणि मग पाहुणे आल्यावर ‘एवढी गार का नको’ म्हणून पाहुण्यांशी. दोन्ही वादांत माझी बाजू शास्त्रशुद्ध असते. त्यामुळे दोन्हीकडे माझं कुणी ऐकत नाही.

त्या शनिवारी जेवायला साडू येणार होते. आमचे साडू एकदा ग्रुप टूरबरोबर फ्रान्सला जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून वाइनबद्दल त्यांना एकच वाक्य येतं, पण ते फार ठामपणे येतं: “रेड नेहमी रूम टेम्परेचरला प्यायची.” सासूबाई मुक्कामाला होत्याच. त्या घेत नाहीत, पण टेबलावर काय चाललंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

घरात नाशिकहून आणलेल्या तीन बाटल्या होत्या. कॅबर्ने-शिराझची रेड शोकेसच्या वरच्या खणात. शेनिन ब्लाँची व्हाइट महिनाभर फ्रिजच्या दारात, पन्ह्याच्या बाटलीला टेकून. स्पार्कलिंग मात्र बाहेरच, डाळींच्या डब्यांमागे, कारण बायकोचं म्हणणं, “फ्रिज काय तुमच्या एकट्याचा आहे? आमरसाचं पातेलं माझ्या डोक्यावर ठेवू?”

साडू आले. त्यांनी शोकेसमधली बाटली हातात घेतली आणि समाधानानं म्हणाले, “वा! अगदी रूम टेम्परेचर.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यात तापमानही दिसतं. ३२.

“भाऊसाहेब, हा नियम केला तेव्हा आपल्या सदाशिव पेठेतली रूम कुणाच्या डोक्यात नव्हती,” मी म्हटलं. तळघरातली बाटली ११-१२ अंशांची असते. ती जेवणाआधी वर आणून ठेवायची म्हणजे खोलीइतकी कोमट होते, एवढीच जुन्या फ्रेंच घरांतली रीत. आणि ती खोलीही दगडी भिंतींची, हीटर नसलेली, १६ ते १८ अंशांची. तिथे माणसं घरातही कोट घालून बसायची. आमचे साडू त्या वेळी बनियनची बाही वर सरकवून पंख्याखाली बसले होते.

तरी त्यांच्या समाधानासाठी एक घोट ३२ अंशांवरच ओतला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि मान मागे घेतली. यात वाइनचा दोष नव्हता. आपल्याकडच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षांत साखर भरपूर, त्यामुळे रेडमध्ये १३-१४ टक्के अल्कोहोल सहज असतं. वाइन तापली की ते आधी उडून नाकात जातं आणि जांभूळ, मिरी, लाकूड हे सगळे त्याच्यामागे रांगेत उभे राहतात. साडू म्हणाले, “स्ट्राँग आहे.” हा त्यांच्याकडचा मोठा शेरा.

मी बादली आणली. बादली म्हणजे खरोखर बादली, आंघोळीची नव्हे पण त्याच घराण्यातली. त्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी. सासूबाईंनी लगेच हरकत घेतली, “पाणी कशाला? बर्फ वितळेल ना.” वितळायलाच हवा. नुसत्या बर्फात बाटलीला खड्यांची टोकं टेकतात आणि मधे सगळी हवा राहते. पाणी मात्र काचेला सगळीकडून चिकटतं आणि उष्णता भराभर ओढून नेतं. त्यात मूठभर खडेमीठ टाकलं तर शून्याच्याही खाली जातं, हे हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यावर बालपण घालवलेल्या सासूबाईंना सांगावं लागलं नाही. त्या स्वतःच मिठाची बरणी घेऊन आल्या. मी त्यांना थांबवलं. रेडला ३२ वरून १७ वर आणायला साध्या बर्फपाण्यात दहा-बारा मिनिटं पुरतात. मीठ घातलं तर आपण ताटं मांडेपर्यंत ती गारठून बसायची.

तापमान मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. बायकोनं ताप बघायचा थर्मामीटर दिला. तो ३५ पासून सुरू होतो. वाइनला ताप आला असता तर उपयोग झाला असता. शेवटी केक करताना वापरायचा सुईचा थर्मामीटर सापडला आणि बाटलीच्या तोंडातून आत सोडला. साडू हे सगळं ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहिल्यासारखं बघत होते.

१७ ला बाटली बाहेर काढली. दुसरा घोट घेताना साडू गप्प होते. मग म्हणाले, “ही वेगळी आहे का?”

यशाच्या त्या क्षणी पुतण्यानं घात केला. “काका, सतराला एवढी चांगली लागते तर पाचला किती भारी लागेल!” त्यानं बिअरच्या हिशेबानं विचार केला होता. आणि हा हिशेब आपल्याकडे फार खोल गेला आहे. गार म्हणजे चांगलं, खूप गार म्हणजे खूप चांगलं.

त्याला मी त्याच रेडचा अर्धा ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितला, आणि तोपर्यंत शेनिन काढली. फ्रिजच्या आतलं तापमान साधारण ४ अंश. महिनाभर तिथे राहिलेली बाटलीही तितकीच. एका ग्लासात थोडी ओतून बाजूला ठेवली. खोली ३२ ची असल्यावर पातळशा ग्लासातली वाइन दहाच्या आसपास यायला फार वेळ लागत नाही, हातात धरून बसलं तर आणखी कमी. ती १० ला आल्यावर शेजारच्या ग्लासात बाटलीतली ताजी, गारठलेली ओतली. आता वास कुणी घ्यायचा? साडूंच्या नाकात रेड होती, बायकोच्या फोडणी. उरल्या सासूबाई.

“मी पिणार नाही,” त्या म्हणाल्या.

“प्यायची नाहीच आई. फक्त वास.”

आधी गारठलेला ग्लास त्यांनी नाकाशी धरला, पुन्हा धरला, उलटसुलट फिरवला. “पाणी दिलंत की काय जावईबापू? ह्याला काही वासच नाही.” मग १० वर आलेला. डोळे किंचित मोठे झाले. “अगं बाई, पेरू!”

आपल्याकडच्या शेनिनमध्ये पेरू, अननस, खरबूज असे वास असतात हे जाणकार सांगतात. पण सासूबाईंनी कुणाचं काही वाचलं नव्हतं. दोन्ही ग्लासांत पेरू तितकाच होता. वास म्हणजे वाइनमधून उडून हवेत आलेले रेणू, आणि गारठ्यात ते उडतच नाहीत, द्रवातच बसून राहतात. आपण जी ‘चव’ म्हणतो तिचा बराच भाग असा नाकातूनच येतो, घोट गिळल्यावर घशामागून वर चढणाऱ्या वासासकट. तो रस्ता बंद झाला की जिभेवर आंबट आणि पाणचट एवढंच उरतं. जीभही गारठ्यात पूर्ण कामावर नसते. गोडाची खबर पुढे पोचवणारं टीआरपीएम५ नावाचं एक प्रथिन तिच्या पेशींत असतं. ते १५ पासून ३५ अंशांपर्यंत ऊब वाढेल तसं जास्त काम करतं, असं बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे अतिगार वाइनमधून फळ जातं, गोडवा दबतो आणि धार तेवढी राहते.

सासूबाईंना प्रथिनाची गरज पडली नाही. “म्हणून तर मी आमरस पानं घ्यायच्या आधी बाहेर काढून ठेवते,” त्या म्हणाल्या. “फ्रिजमधला तसाच वाढला तर हापूस काय आणि पायरी काय, सारखंच.”

इतक्यात पुतण्या फ्रीझरमधला रेडचा ग्लास घेऊन आला. घोट घेतला आणि त्याचे गाल आत गेले. रेडमध्ये द्राक्षाच्या सालीबियांतून आलेली टॅनिन असतात. तुरटपणा त्यांचा. वाइन गार केली की हा तुरटपणा आणि कडवटपणा पुढे येतो आणि त्याला झाकणारं फळ मागे राहतं. ‘मला रेड आवडत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांना कुणीतरी एकदा फ्रिजमधली रेड पाजलेली असते, असा माझा दाट संशय आहे. उरलेल्यांना शोकेसमधली.

गारठ्याचा एक उपयोग मात्र मान्य केला पाहिजे. तो चांगलं लपवतो तसं वाईटही लपवतो. सुमार व्हाइट वाइन हाती आलीच तर बर्फासारखी करून वाढावी, कुणाला काही कळत नाही. रिसेप्शनमध्ये ग्लासाला दव सुटेपर्यंत गार केलेली व्हाइट समोर आली की मी यजमानांच्या हेतूबद्दल फार विचार करत नाही, सरळ जिलबीकडे वळतो.

राहिली स्पार्कलिंग. गार लागते ती हीच, ६ ते ८ अंश. पण कारण वेगळं आहे. बाटलीत हवेच्या पाच-सहापट दाबानं कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. थंड द्रवात तो विरघळून राहतो आणि ग्लासात बारीक बुडबुड्यांनी सावकाश वर येतो. गरम बाटलीत मात्र बूच सैल झालं की सगळा एकदम बाहेर पडायला बघतो. डाळींमागची ३२ अंशांची बाटली उघडायला साडू पुढे सरसावले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. छत नुकतंच रंगवलं होतं. बाटलीला बर्फपाण्यात अर्धा तास, मानेपर्यंत बुडवून. नाहीतर पहिला ग्लास कोमट आणि शेवटचा गार. घाईसाठी फ्रीझर हा उपाय नाही. तिथे उणे १८ असतं, वाइन उणे पाच-सहाच्या आसपास गोठू लागते, गोठताना फुगते, आणि दाबाखालची बाटली फुटली तर काचा मटारांच्या पिशवीतून वेचाव्या लागतात.

यावेळी मीठ घालायला परवानगी दिली. सासूबाईंनी बादलीचा ताबा घेतला आणि बाटली मधूनमधून फिरवत राहिल्या. पुतण्यानं ग्लासात बर्फाचा खडा टाकायचा शेवटचा प्रयत्न केला, त्याला मी नाशिकचीच गोठवलेली द्राक्षं दिली. ती गार करतात आणि वितळून पाणी होत नाहीत. स्पार्कलिंग उघडली तेव्हा फक्त ‘फुस्स’ झालं. साडूंचा विरस झाला. त्यांना फ्रान्समध्ये धमाका दाखवला होता म्हणे.

जेवणं झाल्यावर बायकोनं शेनिनची बाटली धुवायला घेतली आणि ओरडली, “अहो, ह्यात साखर घालतात का?” तळाशी पांढरे, चमकणारे कण होते. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल पोटॅशियमशी जोडी जमवून वाइनमध्ये विरघळलेलं असतं. बाटली आठवडेच्या आठवडे गारठ्यात ठेवली की त्याचे असे स्फटिक खाली बसतात. अपाय काही नाही, आणि आता फ्रिजमधली जागा वाचवायला बायकोला आयतं कारण मिळालं. चिंचेत असतं तेच हे आम्ल, असं मी सांगितलं.

सासूबाईंनी एक कण बोटावर घेऊन जिभेला लावला. “आंबट आहे की. टाकू नकोस गं, उद्याच्या आमटीला होईल.”