इन्क्विझिशनचे दप्तर उघडून पाहिले तर

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा:

«मध्ययुगात इन्क्विझिशनच्या कोर्टांनी लाखो माणसं जिवंत जाळली, त्यात बहुतेक चेटकीण ठरवलेल्या बायका. पकडलेल्या प्रत्येकाला खिळ्यांच्या लोखंडी पेटीत घालून कबुली घ्यायचे. ना सुनावणी, ना नोंद. आपल्या गोव्यातही हेच झालं.»

«ना सुनावणी, ना नोंद»

सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बाकीचे सगळे मुद्दे या नोंदींवर उभे आहेत. इन्क्विझिशन म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्धचे मत, म्हणजे पाखंड, शोधून काढणारे कॅथलिक चर्चचे न्यायालय. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात बेर्नार द कॉ आणि जाँ द सँ-पिएर या दोन डॉमिनिकन साधूंनी 1245-46 मध्ये आसपासच्या गावांतल्या लोकांना चौकशीला बोलावले. 201 दिवसांत 5,471 जणांचे जबाब झाले. त्या जबाबांची पुढे केलेली नक्कल तुलूझच्या ग्रंथालयात आहे, हस्तलिखित क्रमांक 609. या प्रदेशात चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाला मानणारे लोक होते आणि चौकशी त्यांचीच होती.

चौकशीची रीत ठरलेली असे. आधी प्रवचन, मग सवलतीची मुदत, साधारण पंधरा दिवस ते महिना. या मुदतीत आपण होऊन कबूल करणाऱ्याला हलके प्रायश्चित्त मिळे, मात्र त्याने इतरांची नावेही सांगायची. त्यानंतर गावच्या पाद्र्यामार्फत बोलावणे जाई. तुलूझच्या या चौकशीत चौदा वर्षांवरचे मुलगे आणि बारा वर्षांवरच्या मुलीही बोलावल्या होत्या. शपथ घेतली की प्रश्न जवळपास तेच ते: पाखंडी माणूस पाहिलास का? कुठे, कधी? बरोबर कोण होते? त्याला वाकून नमस्कार केलास का? खायला दिलेस का?

माणूस ऑक्सितान बोलीत बोले आणि लेखनिक ते लॅटिनमध्ये, तृतीय पुरुषात उतरवी. «मी पाहिले» चे «तिने पाहिले असे ती म्हणाली» होई. मग जबाब बोलीत वाचून दाखवून कबूल करून घेत. जबाबात माणसाचा आवाज ऐकू येतो, पण तो दोन गाळण्यांतून आलेला आहे, हे वाचताना विसरून चालत नाही.

ही सुनावणी न्याय्य होती असे आम्ही म्हणत नाही. साक्षीदारांची नावे आरोपीला सांगत नसत. आपल्या जिवावर उठलेल्या वैऱ्यांची नावे आरोपी आधी देऊ शके, आणि त्यांतले कोणी साक्षीदार निघाले तर ती साक्ष बाजूला पडे. एवढाच बचाव, तोही अंधारात दगड मारण्यासारखा. वकील प्रत्यक्षात मिळतच नसे, कारण पाखंड्याला मदत करणारा स्वतःच संशयित ठरे.

या न्यायालयाचे खरे हत्यार ती वहीच होती. आज दिलेला जबाब वीस वर्षांनी, दुसऱ्या न्यायाधीशापुढे, शेजाऱ्याच्या जबाबाशी ताडून पाहता येई. लोकांना ते पुरते ठाऊक होते. म्हणूनच कार्कासोनमधल्या काही लोकांवर इन्क्विझिशनच्या वह्या चोरण्याचा कट केल्याचा आरोप झाला होता.

«लाखो माणसं जिवंत जाळली»

609 क्रमांकाच्या चौकशीतल्या 207 जणांच्या शिक्षा 1246 च्या नोंदींतून कळतात. 23 जणांना कैद, 184 जणांना कपड्यांवर पिवळे क्रूस लावण्याची शिक्षा. त्या 207 मध्ये जाळण्याची शिक्षा एकही नाही. पण ही नोंद अपुरी आहे. मूळ वह्यांपैकी थोड्याच नकलेत आल्या आणि पळून गेलेले लोक तिच्यात नाहीत. त्यामुळे हा आकडा सगळ्या काळावर पसरवणेही तितकेच चुकीचे ठरेल.

त्यापेक्षा भरवशाची नोंद बेर्नार गी याच्या निकालांची. तो 1307 पासून पंधरा-सोळा वर्षे तुलूझचा इन्क्विझिटर, म्हणजे या न्यायालयाचा न्यायाधीश, होता. त्याच्या वहीत सुमारे 633 शिक्षा आहेत. सुमारे 41 जणांना जिवंत जाळण्यासाठी राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केले, तर कैदेच्या शिक्षा 300 च्या वर आहेत. म्हणजे जाळण्याच्या शिक्षा शंभरांत सहा-सात. जाळण्याची शिक्षा बहुतेक दोन प्रकारच्या लोकांना होई: मत सोडायला शेवटपर्यंत नकार देणारे, आणि एकदा माफी घेऊन पुन्हा त्याच मार्गाला लागलेले. चर्चच्या न्यायालयाने रक्त सांडायचे नाही, म्हणून कागदावर «ऐहिक सत्तेच्या हाती सोपवले» एवढेच लिहीत. पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असे, त्यामुळे या शब्दांआड इन्क्विझिटरची जबाबदारी लपत नाही.

मेलेल्यांवरही खटले चालत. दोषी ठरलेल्याची हाडे उकरून जाळत, आणि वारसांची मालमत्ता जप्त होई. जाळलेल्यांची बेरीज करताना ही हाडेही माणसांत धरली की आकडा फुगतो.

क्रूसची शिक्षा ऐकायला हलकी वाटते. गीच्या नमुन्याप्रमाणे पिवळ्या कापडाचे दोन क्रूस कपड्यांवर शिवायचे, एक छातीवर, एक पाठीवर. उभी पट्टी अडीच वीत, आडवी दोन वीत, रुंदी तीन बोटे. ते घरातही काढायचे नाहीत आणि फाटले तर नवे लावायचे. असा माणूस बाजारात उभा राहिला की त्याला काम कोण देणार, त्याच्या मुलीशी लग्न कोण करणार?

मोठ्या संख्येने जाळल्याच्या घटना घडल्या, पण त्या वेगळ्या आहेत. 16 मार्च 1244 ला माँसेग्युर किल्ला पडल्यावर 200 च्या आसपास कॅथर एकाच चितेत जाळले गेले. ते वेढ्यानंतर झाले, एकेकाची सुनावणी होऊन नव्हे. उलट 1239 मध्ये शँपेनमधल्या माँ-एमे इथे सुमारे 180 जण जाळले गेले, ते मात्र रॉबेर ल बूग्र या इन्क्विझिटरच्याच कारवाईतून. पहिली घटना इन्क्विझिशनच्या नावावर टाकू नये आणि दुसरी तिच्या नावावरून पुसू नये.

«बहुतेक चेटकीण ठरवलेल्या बायका»

पोप चौथा अलेक्झांडर याने 1258 मध्ये इन्क्विझिटरांना बजावले होते की जादूटोण्याच्या तक्रारींत पडू नका, त्यात उघड पाखंड असेल तरच हात घाला. चेटकिणींच्या शिकारीचा कहर साधारण 1560 ते 1630 च्या दरम्यानचा, म्हणजे मध्ययुग संपल्यावरचा. त्यातले बहुतेक खटले राजांच्या आणि गावांच्या न्यायालयांत चालले. युरोपभर एकूण बळी 40 ते 60 हजारांच्या घरात धरले जातात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाइन्रिख क्रामरसारखे इन्क्विझिटर या कामात उतरले होते, पण 1485 मध्ये इन्सब्रुकला त्याने चालवलेला खटला तिथल्या बिशपनेच मोडून काढला आणि त्याला शहर सोडायला लावले.

एक खटला जवळून पाहू, म्हणजे जादूटोणा या कागदांत कसा येतो ते कळेल. पामिए इथला बिशप झाक फूर्निए याने 1318 ते 1325 या काळात स्वतः चौकशी चालवली. त्याच्यापुढे 1320 च्या जुलैत बेआत्रिस द प्लानिसोल ही विधवा आली. पुन्हा हजर राहायला सांगितल्यावर ती पळाली आणि पकडली गेली. तिच्या सामानात वाळलेल्या नाळा सापडल्या. त्या नातवांच्या, जवळ ठेवल्या तर कोर्टातला दावा जिंकता येतो असे तिला कोणीतरी सांगितले होते. रक्ताचे डाग पडलेली चिंधी मुलीच्या पहिल्या पाळीची होती. जावयाला ते पाजले की तो दुसऱ्या बाईकडे बघणार नाही, अशी समजूत. लोबानाचे खडे मुलीच्या डोकेदुखीवर.

फूर्निएने हे सगळे विचारून लिहून घेतले, आणि मग चौकशी मूळ मुद्द्याकडे, कॅथर मंडळींशी तिचे काय संबंध होते तिकडे वळली. 8 मार्च 1321 ला तिला कैदेची शिक्षा झाली. 4 जुलै 1322 ला ती सुटली, अंगावर पिवळे क्रूस लावण्याच्या अटीवर. फूर्निएच्या चौकशीतून एकूण पाच जण जाळले गेले.

«खिळ्यांच्या लोखंडी पेटीत घालून कबुली»

खिळ्यांची पेटी मध्ययुगात वापरल्याचा एकही पुरावा नाही. न्यूरेंबर्गच्या पेटीची कथा 1793 मध्ये छापली गेली, आणि प्रदर्शनात मांडलेल्या पेट्या एकोणिसाव्या शतकातल्या.

छळ मात्र खरा होता. पोप चौथा इनोसंट याने 15 मे 1252 ला त्याला परवानगी दिली. अवयव तुटता कामा नये आणि जिवाला धोका नको, अशी मर्यादा घालून. वापरत ते साधे, कुठल्याही तुरुंगात मिळणारे: हात मागे बांधून दोराने वर ओढणे, पायांना आग लावणे. त्याहून जास्त वापर कैदेचाच. कडक कोठडीत पायांत बेड्या, भाकरी आणि पाणी. 1306 मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने पाठवलेल्या दोन कार्डिनलांनी आल्बीचा तुरुंग पाहिला, तेव्हा माणसे अंधारात, बेड्यांत, कित्येक वर्षे पडलेली आढळली. त्यांनी बेड्या काढायला आणि कोठड्यांत उजेड आणायला सांगितले. पुढे व्हिएनच्या धर्मपरिषदेत (1311-12) ठरले की छळ करायचा तर बिशप आणि इन्क्विझिटर दोघांची संमती हवी.

नोंदींत छळाचा उल्लेख कमी दिसतो, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. छळात दिलेली कबुली नंतर, छळाच्या जागेपासून दूर, पुन्हा द्यावी लागे, आणि लेखनिक तीच लिही: «छळाविना, स्वखुशीने». 1321 मध्ये विहिरींत विष टाकल्याच्या अफवेवरून कुष्ठरोगी पकडले गेले. पामिएच्या कुष्ठाश्रमाचा प्रमुख गियोम आगास याचा छळ झाल्याचे फूर्निएच्या वहीतच नमूद आहे. पुढच्या जबाबात तोच आगास आपली कबुली कायम करतो, आणि कहाणी वाढत वाढत ग्रॅनडाचा राजा आणि बाबिलोनचा सुलतान यांच्यापर्यंत जाते. असे कधीच घडले नव्हते. कबुली दर फेरीला मोठी होत असेल आणि तिच्यात विचारणाऱ्याच्या मनातल्याच गोष्टी येत असतील, तर «स्वखुशीने» या शब्दावर विश्वास ठेवू नये. बेआत्रिसच्या जबाबातल्या नाळा आणि चिंध्या कोणी तिच्या तोंडी घालू शकले नसते. हा फरक ओळखता आला की ही हस्तलिखिते वाचता येतात.

«आपल्या गोव्यातही हेच झालं»

गोव्याचे इन्क्विझिशन 1560 ला सुरू झाले, मध्ये काही वर्षे थांबले आणि 1812 ला बंद झाले. ते पोर्तुगीज राजसत्तेच्या छायेतले कायमचे न्यायालय होते, गावोगाव फिरणाऱ्या साधूंचे नव्हे. पाखंडी पंथ हा तिथला मुख्य विषय नव्हता. बाटलेले ज्यू आणि बाटलेले हिंदू जुन्या चालीरीती पाळतात का, यावर तिथे नजर असे. 1736 च्या फर्मानात घरात तुळस ठेवण्यालाही बंदी आहे.

तिथली अडचण तुलूझच्या उलट आहे. न्यायालय बंद झाल्यावर गोव्यातले खटल्यांचे दप्तर नष्ट करण्यात आले. लिस्बनला पाठवलेल्या याद्या आणि पत्रव्यवहार उरला. त्यातून कोणाला काय शिक्षा झाली याचा अंदाज येतो, पण कोठडीत काय विचारले आणि माणूस काय बोलला ते बहुतेक गेले. म्हणून गीच्या वहीतले «शंभरांत सहा-सात» गोव्याला लावता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे «लाखो»ही. गोव्याचा हिशेब लिस्बनच्या याद्यांवरूनच करावा लागेल.