‘विधवेसारखा शोक’ म्हणणाऱ्या वाचकाला

आलेली प्रतिक्रिया :

“ताई, तुमचे आधीचे लेख वाचले. माणूस समोर जिवंत बसलेलं असताना तुम्ही विधवेसारखा शोक करताय, हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे. खरं प्रेम असतं तर पहिल्याच दिवशी स्वीकारलं असतं. आणि झेपत नव्हतं तर सरळ घटस्फोट घ्यायचा, असं लोंबकळत कशाला राहायचं? लेकीला इतके महिने अंधारात ठेवलंत, तेही पटलं नाही. गोळ्यांची नावं कृपया ब्लॉगवर देऊ नका. एकूण लेखांत तुमचं स्वतःचंच फार. स्पष्ट बोललो, राग नसावा.”

उत्तर :

दादा, जे मान्य आहे ते आधी सांगून टाकते. आधीचे लेख न वाचलेल्यांसाठी एवढंच, की माझा जोडीदार ट्रान्सजेंडर बाई आहे; तिच्या हार्मोनच्या गोळ्यांची नावं मी लेखातून काढली आहेत. मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून या गोळ्या आणणारी मुलं आहेत. पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या गोळ्यांपैकी एकीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, दुसरीने लिव्हरला त्रास होऊ शकतो, आणि इस्ट्रोजेनने पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्याला तर जास्तच. तपासण्या न करता हे घेऊ नये. तेवढं तुमचं बरोबर.

आता सुराबद्दल. ‘ताई’ म्हणून हात जोडायचे, पुढच्याच वाक्यात विधवा काढायची आणि शेवटी राग नसावा म्हणायचं! राग आहे. माझी आई विधवा आहे. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे विधवेचा शोक कसा असतो हे मला प्रतिक्रिया लिहून कुणी शिकवायची गरज नाही. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरी चूल बंद होती, आणि शेजारून, मामाकडून, बाबांच्या ऑफिसातल्या लोकांकडून कडू घास येत होता. पिठलं, भाकरी, आमटीचं पातेलं. दहावा झाला, तेरावा झाला. बायका येऊन आईजवळ नुसत्या बसायच्या. आईला रडायला जागा होती आणि किती दिवस रडायचं याला रीतही होती.

मला यातलं काय मिळालं? हे मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हिशेब बघायचे, रोज वेळेवर घरी यायचे, डबा धुवायला टाकायचे. (जुनं लिहिताना मी ‘हे’ म्हणते, आत्ताचं लिहिताना ‘ती’. तिने दोन्ही लेख वाचलेत, तिची हरकत नाही. तुमची असेल तर असो.) त्यांच्या बॅगेत मला बायकी कपडे सापडले तेव्हा मी धरून चालले की दुसरी बाई आहे. विचारलं, तेव्हा रात्रभर बसून त्यांनी सगळं सांगितलं. खरं सांगू? पहाटे मला हायसं वाटलं होतं. दुसरी बाई नाही, एवढंच डोक्यात शिरलं होतं. बाकीचं समजायला पुढचे कित्येक महिने गेले, आणि तुम्ही म्हणता पहिल्याच दिवशी स्वीकारायचं. काय स्वीकारायचं होतं ते मला त्या दिवशी ठाऊक तरी होतं का?

ते ठाऊक झालं डॉक्टरांच्या केबिनमध्ये. आधी मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी झाल्या, मग हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर चांगले होते, काही लपवलं नाही. औषध सुरू झालं की पहिल्या एक ते तीन महिन्यांत शरीराची इच्छा कमी होते. तीन ते सहा महिन्यांत छातीत गाठ लागल्यासारखं दुखायला लागतं आणि वाढ सुरू होते. ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि औषध थांबवलं तरी ती वाढ मागे जात नाही. कातडी मऊ होते, चरबीची जागा बदलते. दाढी मात्र गोळ्यांनी जात नाही, त्याला लेझर करावं लागतं. आवाजही जात नाही. पुरुषाचा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही, त्याचा वेगळा सराव करावा लागतो.

एवढं सगळं मी वहीत लिहून घेतलं, हात न थरथरता. मग त्यांनी विचारलं, “आणखी मूल हवंय का? हवं असेल तर वीर्य आत्ताच गोठवून ठेवा. नंतर बंद करूनही पहिल्यासारखं होईलच असं सांगता येत नाही.” त्याच दिवाळीत आम्ही दुसऱ्या मुलाचं बोललो होतो. लेकीची बाळंतविड्याची दुपटी मी माळ्यावरून काढून, धुवून, पुन्हा घडी घालून ठेवली होती. त्या केबिनमध्ये मी रडले ते माणूस गेला म्हणून नाही, ते दुसरं मूल गेलं म्हणून. नमुना आम्ही ठेवला आहे, दरवर्षी त्याचे पैसे भरतो. पण तो वापरायचा तर कुणाबरोबर, कोणत्या नात्याने, यावर आम्ही अजून एकदाही धड बोललेलो नाही.

तर दादा, गेलं काय ते असं आहे. नवरा नावाचं जे माणूस मी बघून, पसंत करून, सोलापूरच्या मामांना दोनदा नाही म्हणून केलं होतं, ते गेलं. सकाळी बेसिनपाशी दाढीच्या साबणाचा वास यायचा, तो गेला. अल्बम उघडला की हा माणूस या फोटोत खूश होता की सोसत होता, असा प्रश्न पडतो. म्हणजे मागचंही हातचं गेलं. आणि आवाज तोच राहिला. दिवा घालवला की अंधारात तोच माणूस बोलतोय आणि सकाळी समोर दुसरंच कुणी चहा ओततंय, हे एका वर्षात अंगवळणी पडत नाही. मेलेला माणूस निदान रोज नव्याने जात नाही. माणूस समोर असताना त्याला गमावणं, किंवा तो आहे की गेला हेच न कळणं, याला मानसशास्त्रात ‘अँबिग्युअस लॉस’ असं वेगळं नाव आहे, पॉलिन बॉस या बाईंनी त्यावर आयुष्यभर काम केलंय. बेपत्ता माणसांच्या घरचे, विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांच्या बायका, सगळ्यांचं हेच होतं, आणि त्यांचं दुःख लांबत जातं ते कुणी कबूलच करत नाही म्हणून. तुम्ही कबूल केलं नाहीत. तुम्ही काही पहिले नाही.

सासूबाईंनी तर आधी जतच्या यल्लम्माचं नाव घेतलं. आमच्याकडे साडी नेसणारा पुरुष म्हटला की लोकांना जोगता आठवतो. देवीचं काही राहून गेलंय, परडी भरा, असं त्या महिनाभर म्हणत होत्या. गंमत म्हणजे त्या समजुतीत तिला एक जागा तरी होती. मला कुठल्याच समजुतीत नव्हती. जोगत्याच्या बायकोने काय करायचं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. वटपौर्णिमेला सोसायटीतल्या बायका दोरा घेऊन निघाल्या आणि मला हाक मारली. मी पाळीचं कारण सांगून दार लावलं. दुपारी तीच आत येऊन म्हणाली, “तुला जायचं होतं तर जायचंस की.” मी तिच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मग दोघींनी मिळून त्यांना कुकरची शिट्टी उडाल्याचं सांगितलं.

हेही तुमच्या लक्षात आलेलं नाही. ती सांगून मोकळी झाली आणि गुपित माझ्याकडे आलं. आईशी खोटं, ऑफिसात खोटं, लेकीच्या शाळेत खोटं. शेवटी मी अट घातली की एक माणूस मी निवडणार आणि त्याला सगळं सांगणार. तासगावच्या मावशीला सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “तुला जेवण जातंय का?” वर्षभरात मला हे विचारणारी ती पहिली.

‘खरं प्रेम असतं तर’ याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण देते. 2019 च्या पुरात गावभागात पाणी चढलं तेव्हा माझी आई वरच्या मजल्यावर अडकली होती. बोटीवाल्यांच्या पाया पडून तिला बाहेर काढलं ते यांनी, मी तेव्हा विश्रामबागेत तापलेल्या लेकीला घेऊन बसले होते. ते विसरण्याइतकी मी हलकी नाही. पण मला पुरुष आवडतात, दादा. यात तिचा अपमान नाही आणि माझा दोषही नाही. आम्ही आता वेगळ्या खोल्यांत झोपतो. तिच्यासाठी ब्लाउज शिवून आणते, लेझरच्या दिवशी बर्फ लावून देते, आणि मिठी मारताना अजून अंग आखडतं. हे सगळं एकाच घरात, एकाच दिवशी होतं. तुम्हाला लोंबकळणं वाटतं ते आम्ही बोलून ठरवलेलं आहे. गोळ्या चालू राहतील, शस्त्रक्रियेची तारीख इतक्यात घ्यायची नाही, घर मोडायचं नाही आणि वर्ष संपलं की दोघींनी पुन्हा बसायचं. एकदा बसलो, आणखी एक वर्ष ठरलं. पुढच्या वेळी मी नाहीही म्हणेन, हे तिला माहीत आहे.

घटस्फोटाचं तुम्ही ज्या सहजतेने लिहिलंत त्यावरून तुम्ही कोर्टाची पायरी चढलेले दिसत नाही. जोडीदार ट्रान्सजेंडर आहे एवढंच कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये कुठेही नाही. क्रूरता म्हणून अर्ज करावा लागतो, म्हणजे तिने माझा छळ केला असं मी शपथेवर लिहायचं. ते मी लिहिणार नाही. राहिला संमतीचा घटस्फोट, कलम 13 ब. त्यालाही आधी वर्षभर नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलेलं नसावं लागतं. अर्ज केल्यावर थांबायचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं सांगितलंय. पण घटस्फोट झाला की दोन घरं चालवायची, आणि फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर! आणि डिक्री होईतो लग्न उभंच आहे, लग्नाच्या दिवशी वैध होतं ते डिक्रीशिवाय मोडत नाही, असं आमचे वकील म्हणाले. तुम्ही हप्ता भरणार असाल तर कळवा.

लेकीबद्दल मी इथे बोलणार नाही. तिला कधी आणि कसं सांगायचं हे आम्ही दोघींनी समुपदेशकाशी बोलून ठरवलं, त्यात वाचकांचं मत घेतलं नव्हतं आणि घेणारही नाही.

आणि लेखांत माझं स्वतःचंच फार असतं, कारण ब्लॉग माझा आहे. तिला तिचं लिहायचं असेल तर ती लिहील, शुद्धलेखन तिचं माझ्यापेक्षा बरं आहे. पुढच्या लेखात बँकेतलं नाव आणि केवायसीचं प्रकरण लिहिणार आहे. त्याखाली जरूर लिहा, विधवा वगैरे न काढता लिहिलंत तर छापेन.