ट्रॅकपॅड वर आलाय, आणि टाचणी शोधताय?

«लॅपटॉपचा ट्रॅकपॅड वर उचलला गेला तर घाबरायचं कारण नाही. चार्जर सतत लावून ठेवल्याने बॅटरी ओव्हरचार्ज होऊन फुगते, बाकी काही नाही. बॅटरी हेल्थ चांगली दिसत असेल तर बिनधास्त वापरा. मागचे स्क्रू थोडे सैल करा म्हणजे तिला जागा मिळेल. फारच फुगली असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर टाचणीने बारीक भोक पाडून आतली हवा काढा आणि वर वजन ठेवा. नवीन बॅटरी येईपर्यंत आरामात चालेल.»

असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, तो धोक्याचा आहे. त्यातल्या ओव्हरचार्जपासून सुरुवात करू, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. शंभर टक्के झाल्यावर लॅपटॉपचं चार्जिंग सर्किट बॅटरीत वीज कोंबत राहत नाही, ते थांबतं. म्हणजे नेहमीच्या अर्थाने ओव्हरचार्ज होत नाही. पण बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत, म्हणजे प्रत्येक सेल साधारण 4.2 व्होल्टवर (काही प्रकारांत 4.4 च्या आसपास), दिवसचे दिवस पडून राहते आणि शेजारीच प्रोसेसर तापत असतो. सेलमधला द्रव हा सेंद्रिय द्रावक असतो. वरचा व्होल्टेज आणि उष्णता एकत्र आले की तो इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होतो आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, मिथेन, हायड्रोजन असे वायू तयार होतात. हे थोड्या प्रमाणात प्रत्येक बॅटरीत चालू असतं. वय, उष्णता किंवा बनावटीतला दोष यामुळे वेग वाढला की ते डोळ्यांना दिसतं. उलट टोकही वाईटच: पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने कपाटात पडली तरी ती आतून खराब होते आणि पुढच्या चार्जिंगला फुगू शकते. त्यामुळे ‘मी तर चार्जर कधीच लावून ठेवत नाही’ हे काही कवच नाही.

मग ट्रॅकपॅडच का? पातळ लॅपटॉपमधले सेल कडक डब्यात नसतात, ते ॲल्युमिनियमच्या पातळ पदराच्या पाकिटात असतात. त्या पाकिटाला वायू बाहेर सोडायची झडप नसते, म्हणून ते उशीसारखं फुगतं. बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये ही पाकिटं मनगट टेकवतो त्या भागाखाली पसरलेली असतात, आणि तिथे सगळ्यात कमी विरोध करणारी वस्तू म्हणजे ट्रॅकपॅड. तोच आधी हलतो.

आता हेल्थचा आकडा. माझ्याच जुन्या लॅपटॉपची गोष्ट सांगतो. तो पाच वर्षांचा होता आणि बाहेरच्या मॉनिटरला जोडून, झाकण मिटून, चार्जरवरच असायचा. आधी ट्रॅकपॅडच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं क्लिक जड झालं. मला वाटलं धूळ अडकली असेल. पंधरवड्याने टेबलावर ठेवला की तो डगमगायला लागला, आणि मग पॅडची कड बोटाला लागेल इतकी वर आली. तेव्हा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड देऊन बॅटरीचा रिपोर्ट काढला:

```
powercfg /batteryreport
```

`DESIGN CAPACITY` 50,000 आणि `FULL CHARGE CAPACITY` 42,000 मिलीवॅट-तास, म्हणजे 84 टक्के. आकड्यावरून बॅटरी ठणठणीत! दुरुस्तीवाल्याने उघडलं तर तीनपैकी दोन पाकिटं सपाट होती, उजवीकडचं मात्र टम्म, शेजारच्यांच्या जवळपास दुप्पट जाड. हेल्थ म्हणजे किती चार्ज मावतो त्याचा अंदाज. आत वायू किती साठलाय, हे मोजणारं त्यात काहीच नसतं. सपाट टेबलावर लॅपटॉप डोलतो का, झाकण मिटल्यावर फट राहते का, खालचं पत्रं मधोमध फुगीर आहे का, क्लिक एका बाजूला जड आहे का, हे बघणं त्या टक्केवारीपेक्षा जास्त कामाचं.

स्क्रू सैल केल्याने दाब थोडा कमी होतो, एवढं मान्य. पण वायू बनणं थांबत नाही. शिवाय खरा धोका परत बंद करताना असतो. झाकण बसत नाही म्हणून माणूस तळव्याने दाबतो, किंवा लांबीला वेगळे असलेले स्क्रू अदलाबदल होतात आणि लांब स्क्रू सरळ सेलमध्ये घुसू शकतो.

फ्रिजचा उपाय फसवा आहे. थंडीत वायू आकुंचन पावतो, त्यामुळे सकाळी बॅटरी जरा बसलेली दिसते. खोलीच्या तापमानाला आली की पुन्हा तीच. वरून बाहेर काढल्यावर थंड बोर्डावर दव धरतं ते वेगळंच.

टाचणीबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. पाकिटात धन आणि ऋण थरांच्या शेकडो नाही पण अनेक घड्या असतात, आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा. टाचणी ‘फक्त पाकिटाला’ टोचली जाईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. ती पडदा भेदून दोन थर जोडते, तिथे शॉर्ट होतो, तापमान चढतं आणि ती उष्णता शेजारच्या थरांना पेटवत जाते. बाहेर पडणारी ‘हवा’ ज्वलनशील असते. आतल्या द्रवातला लिथियमचा क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड बनवतो, जे डोळे, त्वचा आणि फुप्फुसं जाळतं. वजन ठेवणं हा याच चुकीचा हळू चालणारा प्रकार.

‘आरामात चालेल’ या शब्दांऐवजी हे करा. चार्जर काढा. चालू असेल आणि काही अत्यावश्यक फाइल्स असतील तर आहे त्या चार्जवर पटकन कॉपी करा, त्यासाठी पुन्हा चार्ज मात्र करू नका. मग स्लीप नाही, पूर्ण शटडाउन. लॅपटॉप फरशीसारख्या न जळणाऱ्या जागी, पडदे, गादी आणि कागदांपासून लांब, झाकण जोराने न मिटता ठेवा. बॅगेत कोंबू नका, विमानाने नेऊ नका, कुरिअरने पाठवू नका. वरचा पॅड परत दाबून बसवायचा मोह आवरा.

ऊब जाणवली, फुसफुस ऐकू आली, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला किंवा धूर दिसला तर लॅपटॉप उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. खोलीतून निघा, दार ओढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

बदलण्याचं काम शक्यतो सराईत माणसाकडे द्या, कारण फुगलेली बॅटरी बऱ्याचदा गोंदाने चिकटलेली असते आणि ती धातूच्या पात्याने उचकटणं म्हणजे टाचणीचंच मोठं भावंड. तो बॅटरीचं कनेक्टर आधी काढतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवतो. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न जाता, टोकांना चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्याकडे गेली पाहिजे. बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर काही लॅपटॉप चालतात, काही मुद्दाम मंद चालतात, काही सुरूच होत नाहीत.

माझा ट्रॅकपॅड नवीन बॅटरी बसल्यावर जागेवर आला, पण उजवा कोपरा अजून जरा जड आहे, पट्टी वाकली असावी. चार्जिंगची मर्यादा आता 80 टक्क्यांवर ठेवली आहे.