दोनदा उमटणारं अक्षर: धूळ, रिपीट डिले आणि स्प्रेच्या सल्ल्याबद्दल

«कीबोर्डची एक-दोन अक्षरं दोनदा उमटत असतील तर आत धूळ गेलेली असते. हवा मारा, सॅनिटायझर किंवा तेलाचा स्प्रे सोडा, सेटिंगमध्ये रिपीट डिले वाढवा. तरीही गेलं नाही तर कीबोर्ड संपला, नवा घ्या.»

आधी रिपीट डिले. बटण दाबून धरल्यावर किती वेळाने अक्षराची रांग सुरू व्हावी, एवढंच ते सेटिंग ठरवतं. विंडोजमध्ये हा वेळ कमीत कमी पाव सेकंद असतो. तुम्ही बटण झटकन दाबून सोडलंत आणि तरी दोन अक्षरं आली, तर तिथवर गोष्ट पोचलेलीच नसते. शिवाय दोष सेटिंगचा असता तर तो सगळ्याच बटणांवर दिसला असता, ठरावीक दोन-तीन बटणांवर नाही.

खरा प्रकार स्विचच्या आत घडतो. मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकतात आणि टेकताना क्षणभर थरथरतात. नव्या स्विचमध्येही हे होतं, म्हणून कीबोर्ड काही मिलिसेकंद वाट पाहून मगच दाब मोजतो. याला डिबाउन्स म्हणतात. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये तो मुळात 5 मिलिसेकंद असतो. पात्यांवर मळाचा किंवा ऑक्साइडचा पापुद्रा धरला, किंवा त्यांचा ताण गेला, की थरथर त्याहून लांबते आणि एक दाब दोन म्हणून मोजला जातो.

हे मोजून पाहता येतं. ब्राउझरच्या रिकाम्या टॅबमध्ये कन्सोल उघडून हे चालवा, मग पानावर क्लिक करून संशयित बटण सावकाश, एकेकदा दाबा:

```
let up={};
addEventListener('keyup',e=>up[e.code]=e.timeStamp);
addEventListener('keydown',e=>console.log(e.code,e.repeat,Math.round(e.timeStamp-up[e.code])));
```

शेवटचा आकडा म्हणजे बटण सुटल्यापासून पुन्हा दाबलं जाईपर्यंतचे मिलिसेकंद (पहिल्या दाबाला `NaN` येईल). समजा इनस्क्रिप्टवर «काम» लिहिताना काना दोनदा पडतो आणि दुसऱ्या कान्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. काना `KeyE` वर आहे. तिथे अधूनमधून `KeyE false 11` अशी ओळ आली, तर ते बोट नव्हे. मुद्दाम भराभर दाबूनही माणसाला 50 च्या खाली जाणं अवघड असतं. दुसरी ओळ `true` दाखवत असेल, तर बटण दाबलेलंच राहतंय. मग ते अडकतंय का ते पाहा. वायरलेस असेल तर सुटल्याचा संदेश वाटेत हरवत असू शकतो, म्हणून तोच कीबोर्ड वायरने जोडून बघा.

आता साफसफाई. हवेने सुटी धूळ उडते, पात्यांवरचा पापुद्रा निघत नाही. कॅपखाली कण अडकून बटण जड झालं असेल तर हवा जरूर मारा, पण हवेचा डबा उभाच धरा. आडवा केला की आतलं गार द्रव बाहेर येतं. सॅनिटायझर मात्र अजिबात नको. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, आणि अल्कोहोल उडून गेल्यावर चिकटपणा मागे राहतो. गंज सोडवणाऱ्या तेलाचंही तसंच: दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसते.

लागतं ते 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कीबोर्डची वायर काढा, बॅटरीवरचा असेल तर बंद करा. कॅप उपसा, स्विचचा दांडा खाली दाबून धरा आणि कडेच्या फटीत दोन-तीन थेंब सोडा. मग पन्नासेक वेळा दाबा-सोडा, म्हणजे पात्या एकमेकींवर घासल्या जातील. काही तास वाळू द्या आणि पुन्हा मोजा. लॅपटॉपवर मात्र असे थेंब सोडू नका, खाली मदरबोर्ड असतो.

फरक टिकला तर झालं. दोन-तीन आठवड्यांत दुखणं परतलं, तर पात्याच थकल्या आहेत आणि त्या धुऊन बऱ्या होत नाहीत. पण म्हणून अख्खा कीबोर्ड टाकणं मला मुळीच पटत नाही. कीबोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरशिवाय स्विच काढता येणारा असेल, तर तो स्विच उपसून क्वचित लागणाऱ्या बटणाच्या जागी बसवा. दोष स्विचबरोबर गेला तर एक नवा स्विच पुरे. जुन्या जागीच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड तपासा. सोल्डर केलेला असेल तर दोन पायांचं सोल्डर काढून स्विच बदलता येतो. तोवर क्यूएमकेमध्ये `DEBOUNCE` 5 वरून 10-15 केलं तर काम चालतं, पण झीज थांबत नाही.

नवा घेणं खरोखर दोन ठिकाणी योग्य ठरतं. एक, मेम्ब्रेन कीबोर्ड: त्यात प्लास्टिकच्या एका पातळ पडद्यावर सगळ्या बटणांच्या रेषा छापलेल्या असतात, आणि सांडलेल्या चहाने त्या खाल्ल्या तर एकटं बटण बदलता येत नाही. लॅपटॉपमध्ये तेव्हा कीबोर्डचा पूर्ण भागच बदलावा लागतो. दुसरं, दोष एका बटणावरून शेजारी पसरत चालला आणि स्विच बदलूनही जागेवरच राहिला, तर बोर्डच गेलेला असतो.