शंभर डिग्री आणि आमचा दादा

"शंभर डिग्री? मग तुम्ही उकळत कसे नाही तिकडे? काहीही फेकतोस!" आज इथे शंभर आहे असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा नागपूरचा माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये जूनच्या संध्याकाळी शंभर फॅरनहाइट असेल तर लोक कुत्र्यांना फिरवायला बाहेर पडतात. पण दादाला ते पटेना. बरं, याच दादाच्या घरी गेल्या महिन्यात नातवाला १०१ ताप होता. तेव्हा पोरगं उकळतंय असं कोणी म्हणालं नाही. तापाला फॅरनहाइट आणि हवेला सेल्सियस, हा घोळ आपल्याकडे घरोघरी सुखाने नांदतो. फेकतो मात्र मी!

आत्या मागून ओरडली, "शंभर आहे ना? गोळी घेऊन झोप म्हणावं."

मग पुतण्याने तोडगा काढला. तीस वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा, आले ३५. "हा तर आमचा मार्च," दादा खूश. मी चिडलो, कारण ही युक्ती थंडीत चालते आणि उन्हाळ्यात कमी दाखवते. बत्तीस वजा करून उरलेल्या अडुसष्टाचे पाच नवमांश घ्या, ३७.८ येतात. ११० ला पुतण्याचं उत्तर ४०, खरं ४३.३. आणि २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० किंवा त्याहून जास्त होतं. हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

दादा कसला ऐकतो! "आमच्याकडे २०२४ च्या मेमध्ये ५६ झालं होतं. सेल्सियस!"

यावर काका बोलले. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेत. "अरे, जगाचा विक्रम ५६.७ चा, तोही कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ चा. आणि त्यावरही वाद आहेत. गावातली बाकीची केंद्रं खूप खाली असताना एकच यंत्र ५६ दाखवतं, तेव्हा बिघाड यंत्रात शोधायचा. खात्यानेही तेच सांगितलं. तापमान सावलीतल्या हवेचं घेतात, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. डांबरावर हात ठेवून नाही."

म्हणजे अशक्य आकडा दादाचा निघाला. पण तो अजून म्हणतो, "त्या दिवशी तू इथे असतास तर कळलं असतं."

हे मात्र लागलं. हल्ली नागपूरचे ४५ ऐकले की मी आधी मनात ११३ करतो, मग मला ऊन जाणवतं. ज्या उन्हात कांदा खिशात घालून क्रिकेट खेळलो, त्याचा हिशोब करावा लागतो. अर्थात हे दादाला सांगणार नाही. इथे निदान दुपारी वीज जात नाही, एवढं सांगितलं.

"मेमध्ये येऊ नको बरं," फोन ठेवताना तो म्हणाला. "तुला सोसायचं नाही."

मला? फिनिक्समध्ये राहणाऱ्याला? मेचंच तिकीट काढतो आता.