‘तयार’ म्हणणाऱ्या पॉडला नेमकं काय विचारायचं

> नुसतं ‘तयार’ असं उत्तर आलं म्हणून सेटिंग पोहोचलं कसं म्हणता? आमचे पॉड दिवसभर २०० देत होते आणि काम चाललं होतं जुन्याच सेटिंगवर. शिवाय याच तपासणीत डेटाबेस का नाही? सल्ला अर्धवट आहे.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. कुबरनेटीसमध्ये नवं सेटिंग पॉडपर्यंत पोहोचलं का ते पॉडलाच विचारा, असं मागच्या लेखात सांगताना मी उत्तर म्हणून `ready` एवढंच दाखवलं, ते कमी पडलं. आम्हीही तसेच फसलोय. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना गाडी निघाल्याचा एसएमएस जायचा. एसएमएस सेवेचा पत्ता बदलला, कॉन्फिगमॅप सुधारला, पाइपलाइन हिरवी झाली. संध्याकाळी एक काका फोनवर म्हणाले, "गाडी पिंपळगाव ओलांडून गेली, मेसेज कुठंय?" तिन्ही पॉड ठणठणीत होते. पण कॉन्फिगमॅपमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून आलेली किंमत कंटेनर सुरू होतानाच ठरते. पॉड नव्याने उठल्याशिवाय ती बदलत नाही, आणि आम्ही ते उठवलेच नव्हते.

आता पाइपलाइन सेटिंगच्या फाइलचा ठसा काढते:

```
sha256sum app.yaml | cut -c1-8
```

ही आठ अक्षरं डिप्लॉयमेंटमध्ये `EXPECTED_CONFIG` म्हणून जातात. पॉडचा साचाच बदलल्यामुळे नवे पॉड आपोआप उठतात. फाइल माउंट करून दिलेली असते. ॲप ती सुरुवातीला एकदाच वाचतं, त्याच वाचलेल्या बाइट्सचा ठसा काढतं आणि जुळला तरच `/ready` वर २०० देतं, नाहीतर ५०३. तुलना ॲपमध्येच करावी लागते, कारण प्रोब फक्त स्टेटस कोड बघतो. उत्तरात `ready` लिहा की `रामराम`, त्याला काही फरक पडत नाही.

समजा कॉन्फिगमॅप लावायची पायरी राहून गेली. नवा पॉड जुनी फाइल वाचतो आणि ५०३ देत बसतो. तीन पॉड आणि मूळ रोलिंग सेटिंग असेल तर तिन्ही जुने काम करत राहतात. दहा मिनिटांनी `kubectl rollout status` चूक दाखवून थांबतं. मागे मात्र आपणच फिरायचं, ते आपोआप होत नाही.

यातून फाइल मिळाली एवढंच कळतं. पत्ताच चुकीचा लिहिला असेल तरी ठसा जुळणारच. त्यासाठी आम्ही रोलआउटनंतर ऑफिसच्या नंबरवर एक एसएमएस पाठवून बघतो.

डेटाबेसचं मात्र मला पटत नाही. तो सगळ्या पॉडना सामायिक असतो. तो पाच-दहा मिनिटं अडखळला तर तिन्ही पॉड एकदम ‘तयार नाही’ म्हणतील आणि डेटाबेसशिवाय चालणारी पानंही बंद पडतील.

करून बघणार असाल तर एक सांगतो. आमचा पहिला ठसा जुळेचना, अर्धा दिवस गेला. फाइल विंडोजवर सुधारलेली होती, आणि पायथॉन ती मजकूर म्हणून वाचताना `\r\n` चं `\n` करत होतं. `open(path, "rb")` केलं आणि जुळला.