फडक्यातून अळी जाते, सायक्लॉप्स जात नाही

नारू, म्हणजे अंगात वाढून पायातून बाहेर पडणाऱ्या लांब जंताचा रोग. त्याबद्दल असं एक म्हणणं ऐकू येतं: "नारूचा जंत पाण्यात उतरलं की पायातून अंगात शिरतो. त्याच्या अळ्या डोळ्यांनाही दिसत नाहीत, त्या फडक्यातून आरपार जातात. पाणी गाळून नारू गेला ही भाकडकथा आहे. तो गेला गोळ्यांनी आणि नळ आल्यामुळे."

मधल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि सगळा घोळ त्या अर्ध्यातूनच झालेला आहे. नारूची मादी पाण्यात जी पिल्लं सोडते ती फडक्यातून खरंच निघून जातात. लांबी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, जाडी केसापेक्षाही कमी. आडवी आली तर एखादी अडकेल, पण धाग्यांच्या फटीत उभी शिरली की पार. मात्र अशी नुकती सुटलेली अळी तांब्याभर पाण्यातून कुणी प्यायलं तरी त्याला नारू होत नाही. या वयाची अळी माणसाच्या पोटात तग धरूच शकत नाही. पाण्यात मोकळी राहिली तरी तिच्या हातात तीनेक दिवस असतात. तेवढ्यात तिला सायक्लॉप्सने गिळलं नाही, तर ती मरते.

सायक्लॉप्स हा गोड्या, साचलेल्या पाण्यातला कोळंबीच्या दूरच्या गोतावळ्यातला जीव. नळाला पाणी नसलेल्या दिवशी जुन्या विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत घ्या आणि खिडकीच्या उजेडापुढे धरा. पांढुरके ठिपके दिसतील. सावकाश तरंगणारे नव्हेत, तर झटके देत, थांबत, पुन्हा उडी मारल्यासारखे सरकणारे. भिंगातून पाहिलं तर नासपतीच्या आकाराचं अंग, पुढे दोन मिशा, कपाळावर एकच डोळा आणि मादी असेल तर शेपटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन थैल्या. एक डोळ्यामुळेच त्याला ग्रीक कथेतल्या राक्षसाचं नाव मिळालं. आकार साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर. नारूच्या गावांत काम करणारे आरोग्य कर्मचारी लोकांना हीच बरणी दाखवायचे. आपल्या घागरीत काहीतरी हलतंय हे एकदा पाहिलं की गाळण्याबद्दल फार बोलावं लागत नसे.

सायक्लॉप्सने अळी गिळली की ती त्याच्या आतड्यातून बाहेर पडून अंगाच्या पोकळीत जाते आणि तिथे दोनदा कात टाकते. याला उबदार पाण्यात साधारण दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडे पार पडल्यावरच ती माणसाला बाधू शकते, आणि त्या वेळी ती सायक्लॉप्सच्या आतच असते. म्हणजे जी अळी फडक्यातून जाते ती बाधत नाही, आणि जी बाधते ती फडक्यातून जाऊ शकणार नाही एवढ्या मोठ्या वाहनात बसलेली असते. गाळणीला जंत अडवायचाच नाही, त्याची गाडी अडवायची आहे. गाळणीसाठी नंतर जी नायलॉनची जाळी वापरली गेली तिची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी होती. अर्धा मिलिमीटरचा सायक्लॉप्स त्यातून कसा जाणार?

आता पायातून शिरण्याचं. ही समजूत जुनी आहे आणि मला ती मूर्खपणाची वाटत नाही, कारण जंत बाहेर पडतो तो बहुतेक वेळा पायातूनच. जिथून बाहेर येतो तिथूनच आत गेला असेल, असं कुणालाही वाटेल. पण सायक्लॉप्सच्या अंगात नारूच्या अळ्या वाढतात हे रशियन निसर्गअभ्यासक फेदचेन्को याने 1870 च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात पाहून लिहून ठेवलं. पुढे 1900 नंतरच्या दशकात रॉबर्ट लीपर या ब्रिटिश संशोधकाने बाधित सायक्लॉप्स केळ्यातून माकडाला खाऊ घातले आणि सहा महिन्यांनी त्या माकडाच्या अंगात नारूचे जंत सापडले. माकडाचे पाय पाण्यात बुडवावे लागले नाहीत. पोटातलं आम्ल सायक्लॉप्सला मारतं, अळी मोकळी होते, आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत जाते. नर-मादीचं मीलन झालं की नर मरतो. मादी स्नायूंमधल्या मऊ थरांतून सरकत वाढत राहते. सुमारे वर्षभरात ती साठ सेंटिमीटर ते एक मीटर लांब, जाड दोऱ्याएवढी होते, आणि तोवर माणसाला काहीही कळत नाही.

मग एके दिवशी घोट्याजवळ किंवा पावलावर फोड येतो. आग अशी होते की माणूस पाय गार पाण्यात घालतो. फोड फुटतो, जंताचं तोंड पाण्याला लागतं आणि दुधाळ ढग सुटावा तशी लाखो पिल्लं पाण्यात जातात. नारूला नेमकं हेच हवं असतं. म्हणून पायऱ्यांची विहीर त्याला इतकी मानवली. आपल्या बारवा किती देखण्या असतात, पण त्यात पाणी घेणारा माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवतो आणि त्याच पाण्यात घागर बुडवतो.

एका विहिरीवरचा हिशेब तारखांनी मांडून बघू. समजा 1 मे रोजी एक बाई घोट्यावरचा फोड घेऊन पायऱ्या उतरली आणि पिल्लं पाण्यात सुटली. 4 मेपर्यंत, सायक्लॉप्सच्या पोटात न गेलेली सगळी मेलेली असतात. उरलेली 15 मेच्या आसपास तयार होतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ज्या घागरी भरल्या जातील त्या धोक्याच्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, तळ ढवळून घागर भरावी लागते, आणि बाधित सायक्लॉप्स सुस्त होऊन तळाकडेच राहतात. त्या घागरीतून न गाळता पाणी प्यालेल्या माणसाच्या पायावर पुढच्या एप्रिल-मे-जूनमध्ये फोड येईल, म्हणजे बरोबर विहीर पुन्हा आटायला आली असताना. आता त्याच गावाने पुढचे दोन-अडीच महिने प्रत्येक घागर फडक्यातून गाळली, तर विहिरीत सायक्लॉप्स असूनही पुढच्या वर्षी नवा फोड येणार नाही. नारूची साखळी वर्षाला एकदाच फिरते, एवढंच त्याचं दुबळं अंग. मातीत किंवा वाळलेल्या काठावर तो टिकत नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. नारू मारणारं औषध त्या काळात नव्हतं, आजही नाही. लसही नाही. एकदा झाला म्हणून पुढच्या वर्षी होणार नाही, असंही नाही. काही औषधांनी सूज आणि वेदना कमी व्हायच्या एवढंच. उपाय एकच होता आणि आहे: बाहेर आलेलं टोक काडीवर किंवा कापसाच्या बोळ्यावर गुंडाळून रोज काही सेंटिमीटर ओढायचं. त्याला आठवडे लागतात. घाईत तुटला तर आत राहिलेला भाग भयंकर सुजतो, पिकतो. ज्या रोगावर गोळीच नव्हती तो गोळीने गेला म्हणणं हे, काडीवर दोरा गुंडाळत दिवसचे दिवस खाटेवर काढलेल्या माणसांवर अन्याय आहे.

नळाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भारतात पाण्याच्या सोयीचा वाटा खरोखर मोठा होता. 1984 मध्ये देशात सुमारे 40 हजार रुग्ण होते, महाराष्ट्र बाधित राज्यांपैकी एक. हातपंप बसले, पायऱ्यांच्या विहिरी बांधून रहाटाच्या केल्या गेल्या, विहिरीत सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस टाकलं गेलं आणि सोबत घरोघर गाळणं चाललं. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. इथे फडक्याचं श्रेय हातपंपापासून वेगळं काढता येत नाही, हे मान्य.

ते वेगळं काढायचं तर जिथे नळ पोचलाच नाही अशी जागा पाहायला हवी. दक्षिण सुदानात 2006 साली 20,581 रुग्ण होते. मध्ये युद्ध, पुरात तुटणारे रस्ते, गुरांमागे हिंडणारी माणसं. बाधित गावांपैकी बहुतेकांत सुरक्षित पाण्याचा स्रोत नव्हताच. 2015 मध्ये रुग्ण 5. तिथे काय केलं गेलं? घरात गाळणी, तळ्यात टेमेफॉस आणि गावोगावी स्वयंसेवक, जे फोड आलेल्या माणसाला शोधून, पट्टी बांधून, पाण्यापासून दूर ठेवत. माळरानावर गुरं चारणाऱ्यासाठी गळ्यात अडकवायची पोकळ नळी होती, तिच्या टोकाला जाळी. डबक्याशी वाकून तिच्यातून पाणी ओढायचं. घरी पाणी गाळून रानात तसंच पिणारा माणूस वर्षभराची सगळी मेहनत वाया घालवू शकत होता, म्हणून ती नळी.

गाळताना चुका होत, आणि त्या ओळखता येतात. साधं सुती फडकं गढूळ पाण्याने चटकन तुंबतं, मग लोक ते कडेने ओतू लागतात किंवा कंटाळून सोडतात. नायलॉनची जाळी वेगाने गाळायची, म्हणून ती मधोमध शिवून कडेला सुती कापड लावलेल्या गाळण्या वाटल्या गेल्या. जाळी उजेडापुढे धरून फाटकी तर नाही ना, हे पाहावं लागे, कारण एक भोक पुरेसं आहे. सगळ्यात फसवी चूक म्हणजे उलटी बाजू. काल ज्या बाजूवर सायक्लॉप्स अडकले ती आज खाली ठेवली, की नवं पाणी त्यांना धुऊन थेट माठात सोडतं. म्हणून एका बाजूला खूण असलेली बरी, आणि गाळून झाल्यावर फडकं माठापासून लांब झटकायचं.

फडक्याने पाणी निर्धोक होतं असं मात्र कुणी म्हणू नये. पटकी, कावीळ, टायफॉइड यांचे जंतू त्यातून सरळ जातात, त्यासाठी पाणी उकळावं किंवा क्लोरिनने शुद्ध करावं लागतं. नारूच्या बाबतीतही फडक्याची हद्द आता दिसली आहे. चाड देशात दहा वर्षं एकही रुग्ण न दिसल्यावर 2010 मध्ये रुग्ण पुन्हा सापडले आणि 2012 पासून कुत्र्यांच्या अंगातून नारू निघताना दिसू लागला. 2023 मध्ये जगभरात माणसांतले रुग्ण फक्त 14 होते, पण बाधित कुत्रे कितीतरी अधिक. चाडमध्ये संशय माशांवर आहे: मासा सायक्लॉप्स खातो आणि नदीकाठी टाकलेली माशांची आतडी कुत्रा खातो. कुत्र्याचं पाणी कुणी गाळून देत नाही. म्हणून चाडमधल्या कोळ्यांना माशांची आतडी पुरायला सांगितलं जातं, मासा पूर्ण शिजवूनच खायला सांगितलं जातं, आणि फोड आलेला कुत्रा जंत निघेपर्यंत खुंट्याला बांधून ठेवला जातो.